एकदाच उच्चारलेला मृत्यू

२३ डिसेंबर १८६२ रोजी अब्राहम लिंकनने फॅनी मॅककलो या विशीतल्या मुलीला एक सांत्वनपत्र लिहिलं. तिचे वडील विल्यम मॅककलो इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या न्यायालयात कारकून होते. लिंकन त्या भागात वकिली करत फिरायचा, तेव्हापासूनची ही मैत्री. यादवी युद्धात ते घोडदळात गेले आणि ५ डिसेंबरला मिसिसिपीत मारले गेले. मुलगी काही केल्या सावरत नाही, हे दोघांचा जुना स्नेही न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस याने लिंकनच्या कानावर घातलं. फ्रेडरिक्सबर्गच्या मोठ्या पराभवाला तेव्हा जेमतेम आठवडा उलटला होता. तरी लिंकन लिहायला बसला.

पत्र लहान आहे. त्यात ‘मृत्यू’ हा शब्द एकदाच येतो, तोही पहिल्याच वाक्यात आणि अगदी उघडपणे. आपल्याकडच्या दुखवट्याच्या पत्रांत ‘देवाज्ञा झाली’, ‘आपल्यातून निघून गेले’ असे शब्द हाताशी तयार असतात. लिंकन तसा आडोसा शोधत नाही. मात्र त्या कठोर शब्दाला लागूनच तो वडिलांसाठी दोन विशेषणं ठेवतो : प्रेमळ आणि शूर. आधी प्रेमळ, मग शूर. सैनिकाच्या मुलीला लिहिताना सरसेनापती असलेल्या माणसाने हा क्रम उलटा केला असता तरी कुणाला खटकलं नसतं. इथे रणांगणाआधी घरातला बाप आठवला आहे. पुढे देशाचा, हौतात्म्याचा, स्वर्गाचा उल्लेखही नाही.

बाकी सगळं पत्र मृत्यूबद्दल न बोलता दुःखाबद्दल बोलतं, आणि दर वेळी त्याचं नाव बदलतं. बातमी कळली तेव्हाचा शोक लिंकनचा स्वतःचा आहे. मग येतं ते दुःख साऱ्या जगाचं, कुणालाच न चुकणारं. तरुणांच्या वाट्याला येते ती यातना, कारण ते बेसावध असतात. वयस्कांनी दुःखाची वाट पाहायची सवय केलेली असते. या क्षणी फॅनी भोगते आहे ती व्यथा, आणि ती थोडी तरी हलकी व्हावी अशी त्याची तळमळ. हे शब्द पुनरुक्ती टाळण्यासाठी बदललेले नाहीत. प्रत्येक शब्दाबरोबर दुःख सोसणारा माणूस बदलतो. म्हणूनच ‘दुःख सर्वांनाच येतं’ हे एरवी कोरडं वाटणारं वाक्य इथे कोरडं राहत नाही. लगेच पुढच्या श्वासात तो मान्य करतो, की तुझ्या वयात ते जास्त लागतं.

पत्राचा कणा मात्र मधल्या प्रश्नात आहे. पुन्हा कधी बरं वाटेल असं तुला आत्ता वाटतच नाही, असं म्हणून तो विचारतो : खरं ना? आधी तिच्या मनातली गोष्ट तिच्या वतीने बोलून दाखवायची, तिच्याकडून होकार घ्यायचा आणि मगच तिला हळूच सांगायचं की हा समज चुकीचा आहे. सांत्वनात ‘तू पुन्हा सुखी होशील’ हे सर्वांत धोक्याचं वाक्य. चुकीच्या जागी पडलं तर दुःखाचा अपमान होतो. लिंकन ते त्या प्रश्नानंतर ठेवतो आणि स्वतःच्या अनुभवाचा हवाला देतो. काय अनुभव, ते सांगत नाही. नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. आणि हे पत्र लिहिलं त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा अकरा वर्षांचा मुलगा विली गेला होता. पण आपली कहाणी मांडून तो मुलीच्या दुःखात जागा अडवत नाही.

एक वाक्य मला कमकुवत वाटतं. हे नुसतं मानलंस तरी लगेच बरं वाटेल, असं तो म्हणतो. काळाखेरीज पुरता उतारा नाही, हे त्यानेच थोडं आधी लिहिलं आहे. उतावीळ मायेने इथे विवेकाला मागे टाकलं आहे.

शेवटाकडे ‘यातना’ हा शब्द दुसऱ्यांदा येतो, आणि तोही वेगळ्या कामासाठी. वडिलांची आठवण आज यातना आहे, पुढे तिच्या जागी हृदयात एक उदास, गोड भावना राहील. आजवर अनुभवलेल्या कुठल्याही भावनेपेक्षा निर्मळ आणि पवित्र. तो विसरायला सांगत नाही. दुःख जाईल असंही म्हणत नाही; त्याचं रूप पालटेल एवढंच सांगतो. ज्याला प्रिय माणसाला विसरण्याचीच भीती वाटते आहे, त्याला हेच वचन स्वीकारता येतं.

निरोपाच्या ओळीत तो दुःखाने ग्रासलेल्या आईला स्नेहादर कळवतो. मुलीच्या आकांतापुढे घरातली विधवा नजरेआड होऊ शकली असती. सांत्वनाचं पत्र एकाच्या नावाने लिहिलं तरी ते साऱ्या घराने वाचायचं असतं, हे लिंकनला ठाऊक होतं.