प्रस्तावनेचे परीक्षण

कान्हेरीच्या शिलालेखांतील स्त्री-दात्यांविषयीचा एक निबंध आमच्याकडे परीक्षणासाठी आला. लेखांची जुळवणी परिश्रमपूर्वक केलेली आहे. दोष आहे तो प्रस्तावनेत. निबंधकाराचे नाव न घेता त्याची येथे चर्चा करीत आहोत.

प्रस्तावनेचे पहिले पान सोपाऱ्याचे बंदर आणि सातवाहनांचा काळ यांच्या वर्णनात खर्ची पडले आहे. त्यानंतर, या विषयाकडे आजवर कोणाचेच लक्ष गेले नाही, असे विधान येते. ते टिकणारे नाही. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भिक्षू-भिक्षुणी स्वतःच दाते असत, हे ग्रेगरी शोपेन यांनी १९८५ मध्येच मांडले होते. पूर्वसूरींना अनुल्लेखाने मारून उणीव सिद्ध होत नाही; त्यांचे काम जेथे थांबते, ते स्थळ दाखविल्यानेच ती सिद्ध होते.

असे स्थळ या निबंधातच आहे, पण ते तिसऱ्या भागात दडलेले आहे. गृहिणी आपली ओळख पती वा पुत्राच्या नात्याने सांगते. मग प्रव्रज्येनंतर ही ओळख बदलते काय? कुडा येथील एका लेखात पदुमनिका ही प्रव्रजिता आपल्या अंतेवासिनींसह दान देते, परंतु त्याच लेखात ती आपल्या मातेचे व थेर असलेल्या मामांचेही नाव सांगते. म्हणजे उत्तर सरळ नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अभ्यसनीय ठरतो.

निबंधाचे उद्दिष्ट ‘स्त्रियांच्या योगदानाचा आढावा घेणे’ असे नमूद केले आहे. आढावा कसाही घेतला तरी तो घेतला गेलाच. असे उद्दिष्ट सफल झाले की नाही, हे वाचकाला कधीच ठरविता येत नाही. उद्दिष्ट वाचून थेट समारोप उघडावा, अशी आमची कसोटी आहे. येथे समारोपात नात्यांच्या उल्लेखांविषयीचा निष्कर्ष आहे आणि उद्दिष्टात त्याचा मागमूसही नाही.

शेवटी मांडणीचा आराखडा. ‘पहिल्या भागात इतिहास, दुसऱ्यात लेख, तिसऱ्यात विश्लेषण’ ही केवळ अनुक्रमणिका झाली. कोणता भाग प्रश्नाचा कोणता अंश सोडवितो, हे त्यातून कळत नाही. ते सांगू गेल्यास पहिल्या भागाला कामच उरत नाही, हे निबंधकाराच्याही ध्यानात आले असते.

आमची सूचना अशी : ‘कान्हेरीच्या स्त्री-दात्यांची नोंद झालेली आहे, त्या स्वतःची ओळख कोणत्या नात्याने देतात, याची गृहिणी व भिक्षुणी अशी तुलना झालेली नाही. ती येथे केली आहे. प्रथम दोन्ही गटांचे लेख वेगळे केले आहेत, नंतर नात्यांचे उल्लेख ताडून पाहिले आहेत आणि अखेरीस कुड्याच्या लेखांशी निष्कर्ष पडताळले आहेत.’ अर्थात ‘झालेली नाही’ हे शब्द लिहिण्यापूर्वी उपरोक्त दोन्ही अभ्यासकांचे लेखन या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचावे लागेल. ते वाचन झाल्यावर हा निबंध आम्ही आनंदाने छापू.