लडीवरची पट्टी वाचताना

पहिल्या स्वेटरसाठी लोकर घ्यायला गेलेलं माणूस आधी रंग बघतं, मग लड गालाला लावून बघतं. कागदाची पट्टी वाचायची राहूनच जाते. स्वेटर कसा होणार हे मात्र बरंचसं तिथेच लिहिलेलं असतं, तेही एका विशेषणाशिवाय. सिएटलच्या कॅस्केड यार्न्स या कंपनीची ‘कॅस्केड २२०’ ही लोकर अमेरिकेतल्या विणणाऱ्यांच्या, आणि त्यात तिथल्या मराठी बायकाही आल्या, चांगल्या ओळखीची आहे. तिची पट्टी मला फार आवडते. १०० टक्के पेरूची हायलँड लोकर, १०० ग्रॅम, २२० यार्ड, ४ इंचांत १८ ते २० टाके, ७ किंवा ८ नंबरची सुई, धुण्याच्या खुणा, रंगाचा आणि लॉटचा क्रमांक. एवढाच मजकूर, पण त्यातली प्रत्येक ओळ दुसरीला जोडून वाचायची असते.

पहिली ओळ घटकांची. हायलँड मेंढी मेरिनो आणि कॉरिडेल यांच्या संकरातली. तिची लोकर मेरिनोइतकी तलम नसते, पण आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीसारखी राठही नसते. दख्खनी लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण अंगालगतच्या स्वेटरला ती टोचेल, कारण साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीला जाणवतात. हायलँड लोकर या दोघींच्या मध्ये बसते आणि नवशिक्या हाताला हेच मध्यमपण मानवतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात, म्हणून सुईवरून निसटलेला टाका भराभर खाली उसवत जात नाही. तंतूला नैसर्गिक कुरळेपण असतं, त्यामुळे ताणलेला टाका परत जागेवर येतो. कमी-जास्त घट्ट पडलेल्या ओळी पहिल्या धुण्यात बऱ्याच एकसारख्या होतात.

याच कंपनीची ‘२२० सुपरवॉश’ शेजारीच ठेवलेली असते. वजन तेवढंच, लांबी तेवढीच, फक्त मशीनमध्ये धुता येते. मोह होतो. पण सुपरवॉश करताना ते खवलेच बोथट करतात किंवा त्यांवर पातळ लेप चढवतात. त्यामुळे लोकर आटून घट्ट होत नाही हे खरं, पण टाक्यांची आपसातली पकडही सुटते आणि ओला स्वेटर लांबीला वाढतो. लहान मुलाच्या स्वेटरला मी सुपरवॉशच घेईन. स्वतःच्या पहिल्या स्वेटरला नाही.

काही पट्ट्यांवर घटकांच्या ओळीत मिश्रण असतं. लायन ब्रँडच्या ‘वूल-ईझ’मध्ये ८० टक्के ऍक्रिलिक आणि २० टक्के लोकर असते. आपल्याकडच्या दुकानांत वर्धमान आणि ओसवाल ही लुधियानाची नावं दिसतात आणि त्यांच्या पुष्कळ गुंड्यांवर निव्वळ ऍक्रिलिक असं लिहिलेलं असतं. ऍक्रिलिक स्वस्त, टिकाऊ, कसर न लागणारं. मात्र धुऊन, ओढून आकार द्यावा तर ते ऐकत नाही आणि गरम इस्त्री टेकली की कायमचं लुळं पडतं. पट्टी हरवलेली असेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ऍक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो.

आता पदरांची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कॅस्केड २२० चौपदरी आहे, म्हणजे चार पदर एकत्र पिळलेले. त्यामुळे धागा गोल राहतो, टाका उठून दिसतो आणि धागा लवकर झिजत नाही. पण चार या आकड्यावरून जाडी कळत नाही. ब्रिटिश विणकामात ‘फोर प्लाय’ म्हटलं की बारीक लोकर समजतात, जी साधारण सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर विणली जाते. कॅस्केडला साडेचार-पाच मिलिमीटरची सुई लागते. शेटलंडच्या जेमिसन अँड स्मिथची ‘टू प्लाय जंपर वेट’ तर नावाने दुपदरी, पण तिची जाडी त्या ब्रिटिश फोर प्लायएवढी. म्हणून पदर मोजण्याऐवजी वजन आणि लांबी जोडून वाचावी. कॅस्केडच्या १ ग्रॅममध्ये सुमारे २ मीटर धागा येतो. शेटलंडच्या २५ ग्रॅमच्या गुंड्यात ११५ मीटर असतो, म्हणजे १ ग्रॅममध्ये साडेचारहून जास्त. दोन्ही निव्वळ लोकरीच असल्यामुळे ही तुलना चोख बसते. दुसरी खूपच बारीक आहे हे गुंडा हातात न घेताही समजतं.

सुईच्या ओळीत आणखी एक फसवी जागा आहे. भारतातून नेलेल्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर वाढला की सुई जाड होते. दोन्हींत ७ नंबर म्हणजे साडेचारच मिलिमीटर. पण अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर आणि आपला ८ म्हणजे ४.

याचा परिणाम मोजून बघू. छाती ३६ इंच, स्वेटर सैल हवा म्हणून घेर ४० इंच. ७ नंबरच्या सुईवर इंचाला ५ टाके पडतात असं धरलं तर घेरासाठी २०० टाके घालायचे. आता पट्टीवरचा ८ वाचून कोणी घरातल्या जुन्या ८ नंबरच्या सुया घेतल्या आणि इंचाला साडेपाच टाके पडले, तर तेच २०० टाके सुमारे ३६ इंचांतच संपतात. विणकामात एकही चूक नाही, पण ठेवलेला सगळा सैलपणा संपलेला. म्हणून सुई मिलिमीटर बघूनच घ्यावी. निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्यातल्या पोनी सुया गुळगुळीत ऍल्युमिनियमच्या असतात. सराईत हाताला त्या छान, पण नवशिक्याचे टाके त्यांवरून घरंगळतात. मी बांबूची, ८० सेंटिमीटरची गोल सुई घ्यायला सांगेन. मधल्या दोरीवरून स्वेटरचा भार मांडीवर उतरतो, मनगटावर येत नाही.

पट्टीवरचे टाके मात्र कंपनीच्या हाताचे, तुमच्या नव्हेत. ३० टाके घालून ६ इंच उंच चौकोन विणावा, कोमट पाण्यात भिजवून सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधल्या ४ इंचांतले टाके मोजावेत. २० भरले तर तीच सुई ठेवा, २१ भरले तरी घेर ३८ इंचांवर येतो, तेव्हा सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्या आणि पुन्हा विणून बघा.

राहिला लॉटचा क्रमांक. असा स्वेटर सुमारे १,१०० यार्डांत होतो, म्हणजे ५ लडी. पण सहावी आताच घ्यावी, त्याच लॉटची. रंग तोच असला तरी दुसऱ्या लॉटची छटा थोडी वेगळी निघते. दुकानात दोन लॉट हाती आले, तर दोन ओळी एका लॉटच्या आणि दोन ओळी दुसऱ्याच्या असं आलटूनपालटून विणावं. मग छटांचा सांधा एका जागी दिसत नाही.