नाव झिजले पाहिजे
काल्पनिक कादंबरीतील नामकरणाविषयी काही विचार

चिकलठाण्याहून पैठणला जायला फार वेळ लागत नाही, पण ‘प्रतिष्ठान’पासून ‘पैठण’पर्यंत यायला या नावाला कित्येक शतके लागली. आपल्याच परिसरातली ही वाटचाल मी बरीच वर्षे वहीत टिपत आलो आहे. तिचा उपयोग एखाद्या कादंबरीकाराला होईल असे मात्र कधी मनात आले नव्हते. गेल्या वर्षी एका तरुण मित्राने आपल्या अद्भुतरम्य कादंबरीचे हस्तलिखित वाचायला दिले आणि हा लेख सुरू झाला.

कथा चांगली होती. एक नदी, तिच्या दोन तीरांवरचे दोन समाज आणि त्यांच्यातला जुना करार. अडचण नावांची होती. उजव्या तीरावर वज्रबाहू, तेजस्विनी आणि रणधीर राहत होते. डाव्या तीरावर झायरॉन, क्रेलिथ आणि त्यांची राजधानी ड्रॅमोरा. नावे खोटी वाटतात, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “काका, सगळीच नावे खोटी आहेत. मग खरे वाटणारे खोटे नाव म्हणजे काय, ते तरी सांगा.” प्रश्न रास्त होता.

त्याच्या दोन तीरांवर मराठी अद्भुत लेखनाच्या दोन सवयी दिसतात. पहिली फार जुनी आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868ची. नायिकांची ही नावे म्हणजे पारदर्शक संस्कृत समास आहेत: मोत्यांची माळ, मधुर आवाजाची. नाव ऐकताच वाचकाला पात्राचे मोल कळते. त्या काळच्या कथेला तेच हवे होते. पण असे नाव पात्राच्या गुणाविषयी बोलते, त्याच्या गावाविषयी किंवा घराविषयी काहीच सांगत नाही. वज्रबाहू कुठेही जन्मू शकतो. दुसरी सवय अलीकडची, भाषांतरित पुस्तके आणि पडद्यावरून आलेली. झायरॉन हे नाव परके वाटते, पण ते कोणत्या परक्या भाषेतले, याचे उत्तर लेखकापाशीही नसते.

अर्थवाही नावांतही व्यवस्था असू शकते, हे मात्र विसरता कामा नये. परंपरा सांगते की गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ पैशाचीत रचली आणि तो पैठणच्या सातवाहन दरबारातला होता. मूळ ग्रंथ आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तीच कथा ‘कथासरित्सागरा’त संस्कृतात सांगितली. त्यात आकाशात विहार करणाऱ्या विद्याधरांपैकी एक मानसवेग आणि त्याची बहीण वेगवती. दोघांच्या नावांत ‘वेग’ हा एकच धातू आहे. नाते सांगण्याआधीच कानाला ते एका घरचे वाटतात, आणि तो धातू उडणाऱ्या जमातीला शोभतोही.

टॉल्किनने हेच तत्त्व कितीतरी पुढे नेले. त्याने भाषा आधी रचल्या आणि कथा नंतर आल्या. त्याच्या एल्फांच्या भाषेत ‘मोर’ म्हणजे काळोख आणि ‘दोर’ म्हणजे भूमी, म्हणून मॉर्डॉर. ‘गोंद’ म्हणजे दगड, म्हणून गोंडोर ही दगडाची भूमी. मोरिया या काळ्या विवराच्या नावातही तोच ‘मोर’ आहे. वाचक कोश उघडत नाही, पण तिसऱ्यांदा ‘मोर’ ऐकले की त्याला अंधाराची चाहूल लागते. येथे नावाचा अर्थ लेखक सांगत नाही, तो पुनरावृत्तीतून आपोआप उमगतो. अर्थ कळणे आणि अर्थ उमगणे यांतला फरक ‘मुक्तामाला’ आणि ‘मोरिया’ यांच्यामध्ये आहे.

पण धातू जोडले की नाव तयार होते, असे समजण्यात धोका आहे. जोडलेले नाव कोरे असते. खरे नाव वापरून झिजलेले असते. प्रतिष्ठानचे काय झाले ते पाहा. आरंभीच्या ‘प्र’मधला र गेला. दोन स्वरांमधला त गळला आणि ‘पइ’ उरले. ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ झाला, शेवटच्या न चा ण झाला. प्राकृतातले पइट्ठाण पुढे पैठण झाले. ही झीज या एकाच नावापुरती नाही. ओष्ठचा ओठ झाला आणि ज्येष्ठचा जेठ झाला तो याच वाटेने. आमच्या चिकलठाण्याच्या शेवटी जो ‘ठाणा’ आहे त्याच्यामागे ‘स्थान’ आहे, तसाच तो कोकणातल्या ठाण्यामागेही आहे. भोगवर्धनचे भोकरदन झाले, त्यात मधला ‘व’ नाहीसा झाला. म्हणजे झीज नियमाने होते, आणि नियम एकदा ठरला की तो सर्व नावांना लागतो. मित्राच्या ड्रॅमोरात झीज नव्हती, म्हणून ते काल संध्याकाळी वसवलेल्या वसाहतीसारखे वाटत होते.

तिसरी गोष्ट प्रत्ययाची. ‘लीळाचरित्र’ उघडले की महदाइसा, आबाइसा, उमाइसा, एल्हाइसा, देमाइसा भेटतात. ही सर्व नावे खरी आहेत, कोणी कल्पिलेली नाहीत. पण पाच पाने वाचल्यावर सहावे नाव ‘-आइसा’ने संपले की ती आदराने हाक मारली जाणारी स्त्री आहे हे आपण न सांगता ओळखतो. एका लहानशा शेवटामुळे एक अख्खा समाज उभा राहतो.

हे सारे बोलून झाल्यावर मी आणि मित्र वही घेऊन बसलो. डाव्या तीराच्या लोकांना आम्ही आधी आवाज दिले. त्यांच्या भाषेत ख, घ, ध, भ असे महाप्राण नाहीत, श आणि ष नाहीत, आणि शब्द जोडाक्षराने सुरू होत नाही. एवढ्या तीन बंधनांनीच झायरॉन आणि क्रेलिथ यांच्यातला क्रेलिथ बाद झाला. मग तीन धातू घेतले: ‘रुव’ म्हणजे पाणी, ‘टोर’ म्हणजे खडक, ‘लुम’ म्हणजे रात्र. गावासाठी ‘-दन’, स्त्रीसाठी ‘-अवी’, पुरुषासाठी ‘-ओट’ असे प्रत्यय ठरवले. झिजेचे नियम दोनच ठेवले. व्यंजनापूर्वीचा व गळतो, आणि शेजारी आलेली दोन सारखी व्यंजने एक होतात.

पहिल्याच नावाला ठेच लागली. पाण्याचे गाव ‘रुवदन’, आणि व गळल्यावर ‘रुदन’! नदीकाठच्या सुखी गावाचे नाव रडणे झाले. मित्राला हसू आवरेना, पण चूक नेमकी अशीच पकडायची असते. नाव कोरे असताना नव्हे, झिजवल्यावर मोठ्याने म्हणून पाहायचे, कारण वाचक झिजलेलेच नाव वाचणार आहे. आम्ही गावाचा प्रत्यय ‘-हट’ केला. मग रुवहटचे रुहट झाले, टोरहट आणि लुमहट तसेच राहिले. खडक आणि पाणी मिळून झालेल्या धबधब्याचे नाव टोररुव, झिजून टोरुव. पात्रे आली: टोरवी, लुमवी, लुमोट, टोरोट. रुव आणि -अवी मिळून रुववी, म्हणजे दोन सारखे व एक होऊन रुवी. हे नाव दुसऱ्या दोघींहून आखूड पडले आणि म्हणूनच आवडले. रुवीचा जन्म पाण्याकाठचा, हे कादंबरीत कुठेही लिहायची गरज उरली नाही.

यानंतरची कसोटी मराठीची स्वतःची आहे, आणि परभाषेतल्या उदाहरणांवरून ती कळत नाही. आपल्याकडे नावाला विभक्ती लागते. मित्राच्या हस्तलिखितात एका प्रकरणात सैन्य ‘ड्रॅमोऱ्यात’ शिरत होते आणि दुसऱ्यात ‘ड्रॅमोरेत’. आकारान्त नावाचे लिंग ठरवल्याशिवाय त्याचे सामान्यरूप ठरत नाही. गोवा पुल्लिंगी म्हणून गोव्यात, अमेरिका स्त्रीलिंगी म्हणून अमेरिकेत, आणि मी चिकलठाण्यात. लेखकाला आपल्या राजधानीचे लिंग माहीत नसेल, तर तो त्या राजधानीत कधी राहिलेला नाही हे उघड होते. म्हणून प्रत्येक नाव ‘-ने’, ‘-ला’, ‘-चा’, ‘-त’ लावून बोलून पाहावे. रुहटला, टोरवीने, लुमोटचा: नाव ओळखू येते आणि जीभ अडत नाही.

आणखी एक सापळा च, ज, झ यांचा. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकसारखे. ओळखीच्या शब्दात वाचक चुकत नाही. नवीन नावात त्याला काहीच आधार नसतो. ‘चारोट’ असे नाव दिले तर अर्धे वाचक एका तऱ्हेने वाचतील आणि अर्धे दुसऱ्या. पुढे इ, ए किंवा य असला की शंका मिटते, म्हणून नव्या नावात च, ज, झ वापरायचेच तर तिथे वापरावेत. याउलट ळ चा उपयोग करून घेता येतो. मराठी शब्दाच्या आरंभी ळ येत नाही. नदीच्या पलीकडून, डोंगरामागून येणाऱ्या तिसऱ्याच जमातीच्या सरदाराला ‘ळेमू’ म्हटले, की तो आपल्यातला नाही हे पहिल्या अक्षरालाच कळते.

मित्राचा एक आक्षेप मात्र उरला आणि तो मला मान्य आहे. सगळेच नियमाने केले तर नावे एकमेकांसारखी होतात. टोरवी आणि टोरोट एका पानावर आले की वाचक गोंधळतो. टॉल्किनच्या सॉरॉन आणि सारुमान यांच्यात कित्येकांची गल्लत होते, आणि ते दोघेही खलच आहेत. उपाय नियम मोडण्याचा नाही, वाटपाचा आहे. एका प्रसंगात एकत्र येणाऱ्या पात्रांना वेगवेगळे धातू द्यावेत, एकाच धातूची पात्रे भाऊ-बहीण असतील तरच जवळ आणावीत. मानसवेग आणि वेगवती यांच्या नावांची सुरुवात निराळी आहे, धातू तेवढा सामाईक आहे. त्यामुळे नाते दिसते आणि गल्लतही होत नाही.

नवे हस्तलिखित दिवाळीआधी आले. त्यात उजव्या तीरावरचा वज्रबाहू आता ‘वजोबा’ झाला आहे. गाववाल्यांच्या तोंडी तेवढेच उरले असणार, असे मित्राचे म्हणणे. मी त्या नावाला सगळे प्रत्यय लावून पाहिले, ‘वजोबाला’, ‘वजोबाने’, आणि मग आठवले की इथे ज च्या पुढे ओ आहे. तो कोणता ज? मित्राला विचारले, तर एका क्षणात उत्तर आले: “‘जोर’ मधला. आमच्याकडे सगळे तसेच म्हणतात.” पुस्तकात हे कळायचे कसे, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. पण ‘आमच्याकडे’ हा शब्द त्याने ज्या सहजतेने वापरला, तो मी वहीत लिहून ठेवला.