कटच्या दोन फ्रेम आधी

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरूळकर रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो. कानात हेडफोन, चित्र संथ केलेलं, खाली तानपुरा, आणि त्यावर त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज. हा आवाज सुमित्रा भावे यांचा. साधकाने एकटेपणाची आणि उपासमारीची तयारी ठेवावी, असं काहीतरी माई सांगत असतात. घाईने नाही, शब्दाशब्दाला जागा देत. हा चित्रपट 2020 साली व्हेनिसला दाखवला गेला, तिथे त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि 30 एप्रिल 2021 रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे जगातल्या बहुतेक प्रेक्षकांनी माईंचं म्हणणं पडद्याच्या तळाशी वाचूनच समजून घेतलं. या दृश्याचं कौतुक करताना छायालेखन आणि संगीत यांवर सगळे बोलतात. मला त्याच्या तळाच्या पट्टीविषयी बोलायचं आहे, कारण तिथे शब्द कधी आहेत यापेक्षा कधी नाहीत याला जास्त अर्थ आहे.

नियम आधी सांगून टाकतो, ते फार नाहीत. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमावलीत एका ओळीत 42 अक्षरचिन्हं, एका वेळी दोनच ओळी, आणि वाचनाचा वेग प्रौढांसाठी सेकंदाला 20 चिन्हांपर्यंत. एक सबटायटल कमीत कमी पाच षष्ठांश सेकंद टिकलं पाहिजे आणि सात सेकंदांपलीकडे राहता कामा नये. दोन सबटायटलांमध्ये निदान दोन फ्रेमची फट हवी, म्हणजे मजकूर बदलला हे डोळ्याला कळतं. फट तीन ते अकरा फ्रेमची निघाली तर ती दोनवर आणायची, नाहीतर पट्टी नुसती लुकलुकते. अर्धा सेकंद किंवा जास्त असेल तर मात्र ती मोकळी सोडायची.

मोटरसायकलच्या दृश्यात वरच्या मर्यादेची भीतीच नाही. माई इतक्या सावकाश बोलतात की सेकंदाला 20 चिन्हं गाठणं अवघड. धोका उलट बाजूने येतो. हाती पक्की संहिता असते, त्यात माईंचं वाक्य सलग छापलेलं असतं, दोन ओळींत छान मावतं, सात सेकंदांतही बसतं. मग ते एकदम लावून टाकण्याचा मोह होतो. पण तसं केलं की प्रेक्षक तिसऱ्या सेकंदाला वाक्य संपवतो आणि उरलेले चार सेकंद माई त्याला आधीच कळलेलं सांगत बसतात. ऐकणारा श्रोता विरामात थांबलेला असतो आणि वाचणारा पुढे जाऊन बसलेला असतो. म्हणून इथे वाक्य तोडायचं ते माईंच्या श्वासावर. पहिला तुकडा, मग रिकामी पट्टी, त्या रिकाम्या वेळात नुसता रस्ता आणि तानपुरा, मग दुसरा तुकडा. लांबलचक शॉटमुळे कटचा आधारही नसतो. चित्र कुठेच सांगत नाही की आता बदल. ते फक्त आवाजाच्या तरंगरेषेतून शोधावं लागतं. कलाकार विराम घेतो तेव्हा अक्षरांनीही तो घ्यावा, इतकंच या दृश्याचं मागणं आहे, आणि ते पाळणं वाटतं तेवढं सोपं नाही, कारण रिकामी पट्टी पाहिली की तपासणाऱ्याला काहीतरी राहून गेलंय असं वाटतं.

आता याच्या अगदी उलट टोकाचं दृश्य घेऊ, जिथे कट भराभर पडतात आणि बोलणं वेगवान आहे. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं की उरुळी कांचन गेल्यावर, यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. हा दौंड तालुक्याचा गुऱ्हाळांचा पट्टा. समजा तिथल्या एका गुऱ्हाळावर लघुपट झाला आहे, संकलन पक्कं झालं आहे, संहितेची अंतिम प्रत हाती आहे, आणि आपल्याला मराठी संवादाखाली मराठीच मजकूर लावायचा आहे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी म्हणा किंवा आवाज बंद करून मोबाईलवर पाहणाऱ्यांसाठी. चुलवाणावर काहील उकळते आहे. गुळव्या जाळ घालणाऱ्या पोराकडे न बघता ओरडतो: आत्ता काहील उतरवा, नाहीतर पाक करपेल आणि मालकाला तोंड दाखवता येणार नाही! वाक्य तीन सेकंदांत संपतं. ‘करपेल’ म्हणून झाल्यावर, सुरुवातीपासून पावणेदोन सेकंदांनी कट पडतो आणि दारात मालक उभा दिसतो. तो सगळं ऐकतो आहे. मालकाचा चेहरा दोन सेकंद दिसतो, मग पुढचा कट.

संकलकाने हा विनोद कटमध्ये ठेवला आहे, वाक्यात नाही. गुळव्याला मालक दिसत नाही, प्रेक्षकाला दिसतो, आणि नेमकं त्या क्षणी ‘मालकाला तोंड’ हे शब्द कानावर पडतात. संहितेच्या कागदावर यातलं काहीच नाही. तिथे एकच वाक्य आहे.

सगळ्यात सोयीची रीत म्हणजे दोन्ही ओळी एकत्र लावणं. पहिली ओळ ‘करपेल’पर्यंत, दुसरी ‘आणि’पासून. दोन्ही ओळी प्रत्येकी 35 चिन्हांच्या भरतात, 42 च्या आत. ओळ तुटते तीही वाक्याच्या जोडावर, ‘पाक’ एकीकडे आणि ‘करपेल’ दुसरीकडे असा अडाणी तुकडा नाही. पण तीन सेकंदांत 70 चिन्हं म्हणजे सेकंदाला 23 च्या वर. नेटफ्लिक्सची हिंदीची मर्यादा 22 आहे, ती आपण देवनागरी म्हणून उसनी घेतली तर सॉफ्टवेअर लाल रंग दाखवेल. वेगाचं एक वेळ चालवून घेता येईल. खरा घात वेगळाच आहे. प्रेक्षक पहिल्याच सेकंदात दुसऱ्या ओळीवर उतरतो, ‘मालकाला’ वाचतो, आणि मालक दिसायच्या आधीच विनोद सांडून जातो.

म्हणून कटवर तोडायचं. पहिला तुकडा बोलण्याच्या सुरुवातीला आत येतो आणि कटच्या दोन फ्रेम आधी जातो. चोवीस फ्रेमच्या हिशोबाने पावणेदोन सेकंद म्हणजे 42 फ्रेम, त्यातून दोन वजा, उरल्या 40. तेवढ्यात 35 चिन्हं, सेकंदाला बरोबर 21. चालतं. दुसरा तुकडा कटच्या पहिल्याच फ्रेमला, मालकाच्या चेहऱ्यासोबत येतो. बोलणं तिथून सव्वा सेकंदात संपतं, आणि तेवढ्यातच काढून घेतला तर वेग 28 वर जाईल. पण पुढे कोणी बोलत नाही, मालक नुसता बघतो. त्या शांततेतून वेळ उसना घ्यायचा आणि पुढच्या कटच्या दोन फ्रेम आधी सोडायचा. आता 46 फ्रेममध्ये 35 चिन्हं, सेकंदाला जेमतेम 18. एकही शब्द न काढता दोन्ही तुकडे मर्यादेत बसले. बोलणं चित्रपटाच्या दहाव्या मिनिटाला चौथ्या सेकंदावर सुरू होत असेल तर फाईल अशी दिसेल:

```
1
00:10:04,000 --> 00:10:05,667
आत्ता काहील उतरवा, नाहीतर पाक करपेल

2
00:10:05,750 --> 00:10:07,667
आणि मालकाला तोंड दाखवता येणार नाही!
```

पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांतले 83 मिलिसेकंद म्हणजे त्या दोन फ्रेम.

वेगाचा आकडा मी इतक्या विश्वासाने सांगितला खरा, पण देवनागरीत तो जरा फसवा आहे. यंत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत सगळं सुटं सुटं मोजतं. ‘आत्ता’ आपल्या डोळ्याला दोन अक्षरं, यंत्राला पाच चिन्हं: आ, त, हलंत, त, काना. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर, यंत्राला सहा चिन्हं. गुळव्याचं तेच वाक्य आपण अक्षरांनी मोजलं, मधल्या जागा आणि विरामचिन्हं धरून, तर 70 ऐवजी 48 भरतं, आणि तीन सेकंदांत वेग होतो 16. एकाच ओळीला यंत्र लाल म्हणतं आणि डोळा आरामात वाचतो. जोडाक्षरांनी भरलेला संस्कृतप्रचुर संवाद आणि ‘घर भर तर’ छापाचा सरळ संवाद यांना एकच फूटपट्टी लावली की पहिल्यावर उगाच कात्री चालते. मराठीत मजकूर लावणाऱ्याने यंत्राचा आकडा बघावा आणि मग वाक्य एकदा मनात वाचून घड्याळाकडे बघावं. त्यातही मतभेद होणारच. जोडाक्षर वाचायला साध्या अक्षराहून थोडा जास्त वेळ लागतो असं मला वाटतं, त्यामुळे 48 चा आकडाही मी डोळे झाकून घेणार नाही.

मजकूर कट ओलांडून जाऊ नये या नियमामागे एक जुनी समजूत आहे. मजकूर कट ओलांडून राहिला की चित्र बदललेलं पाहून प्रेक्षकाला वाटतं मजकूरही बदलला, आणि तो तोच पुन्हा वाचतो. पोलंडमधल्या क्रेयत्स आणि शार्कोव्स्का या संशोधकांनी 2013 साली नजरेच्या हालचाली मोजून हे तपासलं, तेव्हा बहुतेक प्रेक्षक पुन्हा वाचत नाहीत असं आढळलं. मग नियम सोडून द्यायचा का? माझं मत नाही असं आहे, आणि गुऱ्हाळाचं दृश्य त्याचं कारण आहे. इथे कट पाळायचा तो पुनर्वाचन टाळायला नव्हे, तर माहिती कोणत्या चेहऱ्यावर पोहोचावी हे संकलकाने ठरवलेलं असतं म्हणून. जिथे कटला असा काही अर्थ नाही, नुसता कोन बदलला आहे आणि वाक्य सलग चालू आहे, तिथे मी मजकूर बेलाशक कटवरून जाऊ देईन. दोन शब्दांचा तुकडा फक्त नियमासाठी वेगळा काढला की पट्टी फडफडते, आणि ते जास्त त्रासदायक असतं.

हे सगळं जमून आल्यावर बिघडतं ते बहुतेक वेळा पुढच्या हाती. चोवीस फ्रेमवर लावलेली फाईल पंचवीस फ्रेमच्या प्रतीवर चढवली जाते. पंचवीसची प्रत तेच चित्र थोडं लवकर संपवते, त्यामुळे दहाव्या मिनिटाचा आपला विनोद त्या प्रतीत सुमारे 24 सेकंद आधीच घडून गेलेला असतो, आणि ‘मालकाला तोंड’ ही ओळ भलत्याच दृश्याखाली उगवते. दुसरा प्रकार साधा असतो, सुरुवातीला प्रमाणपत्राची किंवा निर्मात्याच्या चिन्हाची पाटी नव्याने जोडलेली असते. ओळखायचं कसं, तर चित्रपटाचा पहिला आणि शेवटचा संवाद पाहायचा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर पाटी, आणि शेवटाकडे वाढत गेला असेल तर फ्रेमचा वेग. पाटीच्या बाबतीत सगळी फाईल तेवढी सरकवली की काम झालं. फ्रेमच्या वेगात मात्र गुणाकाराने वेळा बदलल्यावर मिलिसेकंदांचे आकडे खालच्या फ्रेमवर कापले गेले, तर दोन फ्रेमची फट कुठे एकच उरते, कुठे पुढचा मजकूर कटच्या एक फ्रेम आधीच उगवतो. ती एक फ्रेम वाचता येत नाही, पण जुन्या चित्राच्या तळाशी झपकन काहीतरी चमकून गेलेलं दिसतं. म्हणून रूपांतरानंतर कटला चिकटलेली प्रत्येक ओळ एकेक फ्रेम पुढे सरकवत पुन्हा पाहावी लागते.