न्हाव्याच्या दुकानातील निळे पाणी

गेले चार महिने नातवाला घेऊन आमच्या वस्तीतील न्हाव्याच्या दुकानात, म्हणजे इथल्या मिस्पारात, बसण्याचा योग येत आहे. आयुष्य नर्सच्या कामात गेल्यामुळे माझी नजर आरशाकडे न जाता हत्यारांकडे जाते. जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवते.

आरशाखाली बरणीत जंतुनाशकाचे निळे पाणी असते व त्यात दोन कंगवे बुडालेले असतात. पाहून बरे वाटते. पण दुसऱ्या खेपेस ध्यानात आले की ते कंगवे बाहेर निघतच नाहीत. वापरातला कंगवा न्हाव्याच्या खिशात असतो! नियम साधा आहे. कंगव्यातले केस काढून तो साबणाने धुवावा, मग औषधात पुरता बुडवून साधारण 10 मिनिटे ठेवावा. केस आणि तेल चिकटलेले असेल तर औषध आत पोचत नाही.

"गर्दीत वेळ कुठे असतो, आण्टी?" असे मालक म्हणाला. मी त्याला हिशेब सांगितला. एका डोक्याला 20 मिनिटे लागतात. प्रत्येक खुर्चीला कंगवा-कातरीचे दोन संच ठेवले, तर एक वापरात असताना दुसरा भिजून तयार होतो. गिऱ्हाइकाला एक मिनिटही जास्त थांबावे लागत नाही.

मशीन पाण्यात बुडवता येत नाही. तिचे पाते ब्रशने झाडून त्यावर औषधाचा फवारा मारावा लागतो. इथे ब्रश फिरतो, फवारा नाही. डोक्यातला नायटा अशा पात्यावरून पसरू शकतो आणि तो नुसत्या मलमाने जात नाही, पोटात औषध घ्यावे लागते.

वस्तऱ्याला मात्र दर वेळी नवे पाते समोर उघडून लावतात, त्याबद्दल शाबासकी. पण मग तुरटीचा एकच खडा सर्वांच्या गालावरून फिरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान 7 दिवस टिकतो. तुरटीची पूड कापसावर घेऊन लावावी व कापूस टाकून द्यावा.

केस कापण्याबद्दल सांगायचे तर मालकाचा हात स्थिर आहे; तो आधी मशीनचा नंबर विचारतो. दुसऱ्या खुर्चीवरचा तरुण अंदाजाने कापतो. आमच्या ह्यांना 3 नंबर, म्हणजे सुमारे 10 मिलिमीटर हवा होता. मिळाला 2, म्हणजे 6 मिलिमीटर. तेव्हा बसण्यापूर्वीच नंबर सांगावा.

शुक्रवारी शब्बाथपूर्वी आम्ही सव्वा तास थांबलो, मंगळवारी दुपारी 10 मिनिटे. दर 60 शेकेल, मुलांनाही तोच. दाढीचे 30 वेगळे, पण हे उठल्यावर कळले, कारण भिंतीवर पाटी नाही.

परवा गेले तेव्हा तुरटीची पूड व कापूस आलेला दिसला. खिशातला कंगवा अजून खिशातच आहे. तो बरणीत जाईपर्यंत नातवाचा कंगवा मी घरून नेते.