ताबा घेण्यात आला, पण कोणी?

दैनिकांतल्या ताबा नोटिसा हल्ली मला वाचवत नाहीत. चेन्नईत मुख्यालय असलेल्या बँकाही महाराष्ट्रात घरकर्जं देतात. कर्ज थकलं की २००२च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेतात आणि सात दिवसांत दोन दैनिकांत नोटीस छापतात. त्यांतलं एक दैनिक स्थानिक भाषेतलं लागतं, असं या कायद्याखालच्या नियमांतला नियम ८ सांगतो. इंग्रजी नमुना सगळ्यांचा एकच; अण्णा सालईवरून निघाला काय नि नरिमन पॉइंटवरून निघाला काय.

मराठीत त्याचं बऱ्याचदा असं होतं : ‘याद्वारे कर्जदारास व सर्वसामान्य जनतेस सूचित करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकारांद्वारे सदर मालमत्तेचा ताबा घेण्यात आलेला असून, तिच्याशी व्यवहार न करण्याबाबत सावध करण्यात येत आहे.’ गंमत अशी की ताबा घेण्याच्या वाक्यात मूळ इंग्रजीने कर्ता लपवलेलाच नाही. सही करणारा अधिकारी तिथे उघडपणे ताबा घेतो. त्याला ‘द्वारे’च्या पडद्याआड ढकललं ते मराठी अनुवादकाने.

हेच असं लिहिता येतं : ‘कर्जदाराने मुदतीत पैसे भरले नाहीत, म्हणून मी, बँकेचा प्राधिकृत अधिकारी, या मालमत्तेचा ताबा घेतला आहे. कर्जदाराने किंवा इतर कोणीही तिचा व्यवहार करू नये. केल्यास थकबाकीचा आणि व्याजाचा बोजा तिच्यावर राहील.’ ‘करू नये’ म्हटल्यावर ताकीद पोचली. ती ‘देण्यात येते’ हे वेगळं सांगायला नको. शाळेतलं व्याकरण ‘अधिकाऱ्याने ताबा घेतला’ यालाही कर्मणी म्हणतं, त्याला बिचकू नये. काम कोणी केलं ते त्यात स्पष्ट आहे. इंग्रजीच्या वळणाची ती ‘नवीन कर्मणी’ वेगळी, ‘घेतला गेला’वाली.

मात्र कर्ता शोधायचा, बनवायचा नाही. एखादं इंग्रजी पत्र कागद कोणी गहाळ केले ते सांगत नसेल, तर ‘बँकेने हरवले’ लिहिणं हा आरोप झाला. तिथे ‘कागद सापडत नाहीत’ पुरतं. मराठीत अशी अकर्मक क्रियापदं मुबलक आहेत : मिळेल, चालेल, राहील, संपेल. चांगले अनुवादक यांच्यावरच काम भागवतात. इथे परिभाषाकोशही कामाला येत नाहीत; ते शब्द देतात, वाक्य देत नाहीत.

‘कायद्याची भाषा अशीच लागते’ हा बचाव तर पोकळ आहे. नोटीस परिशिष्ट चारच्या नमुन्याशी शक्य तितकी जुळावी, एवढंच नियम म्हणतो. बँक, रक्कम, तारीख, मालमत्तेच्या चतुःसीमा यांत काडीचाही बदल नको. पण वाक्य दुर्बोध ठेवा, असं त्यात कुठे आहे? स्थानिक भाषेची अट घातली ती कर्जदाराला आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला कळावं म्हणून. न कळणारी मराठी छापून ती अट पाळली, असं म्हणणं ही निव्वळ लबाडी आहे. तिची किंमत कर्जदार मोजतो : ताब्याविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला कलम १७ प्रमाणे ४५ दिवस मिळतात, आणि ते ताब्याच्या दिवसापासून मोजतात; नोटीस समजल्याच्या दिवसापासून नव्हे.