हरलेल्यांचे आभार

बाँग जून-हो यांना २०२० मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. टाळ्या आणि दुभाषी शॅरन चोई यांचं भाषांतर वगळलं, तर त्यांचं भाषण दोन मिनिटांच्या आत संपतं. मी ते अनेकदा पाहिलंय, आभारांसाठी.

सिनेमा शिकताना मनावर कोरलेलं एक वाक्य ते आधी सांगतात: जे सर्वांत वैयक्तिक, तेच सर्वांत सर्जनशील. ते कुणाचं, हे नंतर. मार्टिन स्कॉर्सेसी हे नाव येतं आणि सभागृह उभं राहतं. नाव आधी घेतलं असतं, तर ती नुसती हजेरी झाली असती.

टॅरंटिनोचे आभारही नेमके: अमेरिकेत आपले सिनेमे फारसे कुणाला माहीत नव्हते, तेव्हा ते आपल्या आवडत्या यादीत घालायचे. टॉड फिलिप्स आणि सॅम मेंडिस यांच्या वाट्याला मात्र फक्त कौतुक येतं. तिथे भाषण जरा पातळ होतं, असं मला वाटतं.

हे चौघेही त्याच पुरस्काराच्या शर्यतीत नुकतेच हरलेले. त्यांच्यासमोर नम्रतेचं प्रवचन अवघडच झालं असतं. बाँग म्हणतात, अकादमीने परवानगी दिली तर टेक्सास चेनसॉने बाहुलीचे पाच तुकडे करून वाटून घेऊ. मग, सकाळपर्यंत पिणार आहे, एवढं सांगून ते निघतात.